इमिग्रेशनच्या काउंटरवर पहिलं वाक्य काय बोलायचं? पुण्याहून पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांचे नेहमीचे प्रश्न

व्हिसाचे फॉर्म भरून देणं हा माझा व्यवसाय. कागद पूर्ण झाले, पैसे दिले, पिशवी उचलली, की माणूस दारापर्यंत जातो आणि तिथून मागे वळून हळूच विचारतो, "बरं, तिथे तो साहेब बसलेला असतो ना, त्याला काय म्हणायचं?" हा प्रश्न विचारताना बँकेतून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले गृहस्थसुद्धा लाजतात. इतक्या जणांना इतक्या वेळा उत्तर देऊन झालंय की आता ते लिहूनच ठेवतो आहे.

उदाहरण म्हणून सगळीकडे एकच प्रवास घेतला आहे. सिंहगड रोडवरच्या एक काकू, वय ६१, पहिलाच परदेश प्रवास, एकट्याच, पुण्याहून दुबईला मुलाकडे, २१ दिवसांसाठी. तुमचा देश वेगळा असेल तर व्हिसाचे नियम बदलतील, काउंटरवरचं बोलणं फारसं बदलत नाही.

थोडक्यात सांगा, काय म्हणायचं?

पुण्यात: "नमस्कार, सर." समोर बाई असतील तर "नमस्कार, मॅडम." एवढं म्हणून पासपोर्ट आणि बोर्डिंग पास पुढे करायचा आणि गप्प राहायचं.

परदेशात: "गुड मॉर्निंग, सर," नाहीतर वेळेप्रमाणे "गुड आफ्टरनून" किंवा "गुड इव्हिनिंग." पासपोर्ट द्यायचा आणि गप्प राहायचं.

यातला अवघड भाग गप्प राहण्याचा आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर.

पुण्यात इमिग्रेशन नेमकं कधी लागतं? मला वाटलं दारातच असतं.

दारात उभे असतात ते सीआयएसएफचे जवान. ते तिकीट आणि ओळखपत्र बघून आत सोडतात. त्यांच्याशी मोठी ओळख करून द्यायची गरज नाही. आत गेल्यावर विमान कंपनीचं काउंटर, तिथे सामान द्यायचं आणि बोर्डिंग पास घ्यायचा. व्हिसा तिथेही तपासतात, कारण चुकीच्या कागदांवर माणूस नेला तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते. त्यानंतर इमिग्रेशन, आणि मग सुरक्षा तपासणी.

एक गोष्ट मात्र तिकीट काढतानाच बघून ठेवा. पुण्याहून थेट परदेशी विमान असेल तर इमिग्रेशन लोहगावलाच होतं. पुणे-दिल्ली-लंडन असा प्रवास असेल तर पुण्याचं उड्डाण देशांतर्गत धरलं जातं आणि काउंटर बहुतेक वेळा दिल्लीत लागतो. टॅक्सीने मुंबईला जाऊन विमान पकडणाऱ्यांचं अर्थातच मुंबईत.

फॉर्म भरायचा असतो ना? सासऱ्यांनी भरला होता.

सासऱ्यांनी भरला असेल. भारतीय नागरिकांसाठी देश सोडतानाचं कार्ड १ जुलै २०१७ पासून बंद झालं आहे. रांगेत पेन शोधत बसू नका. तुम्ही जाणार त्या देशाचा काही ऑनलाइन फॉर्म असेल तर तो वेगळा, तो घरूनच भरून निघा. थायलंड आणि सिंगापूरला असे फॉर्म आहेत.

पुण्याच्या काउंटरवर मराठी बोलू का हिंदी?

"नमस्कार" याच कारणासाठी बरा. मराठीत चालतो, हिंदीतही चालतो. समोरची व्यक्ती महाराष्ट्रातली असेल तर उत्तर मराठीत येईल, नसेल तर हिंदी किंवा इंग्रजीत. ज्या भाषेत प्रश्न येईल त्या भाषेत पुढे जायचं.

हिंदीत जाणार असाल तर आपल्या मराठी जिभेची एक खोड सांभाळा. आपण सर्रास "तुम" म्हणतो. "तुमको दिया ना अभी बोर्डिंग पास" हे आपल्या कानाला साधं वाटतं, कारण मराठीत "तुम्हाला" हा आदरच आहे. हिंदी भाषकाला तेच वाक्य अंगावर आल्यासारखं वाटू शकतं. "आपको" म्हणा. बाकी लिंग चुकलं, "है" ऐवजी "हैं" राहिलं, तर कोणी मनावर घेत नाही.

आणि "भाऊ", "दादा", "बेटा" नको. काउंटरवरचा मुलगा तुमच्या नातवाएवढा दिसत असला तरी तिथे तो "सर"च. आमच्या काकूंनी सरावात पहिल्याच फटक्यात "काय रे बाळा" म्हटलं होतं. प्रेमाने म्हटलं होतं, पण खोडावं लागलं.

नमस्कार म्हटलं आणि त्यांनी वरही पाहिलं नाही. चिडले का?

नाही. त्या वेळी ते काय करत असतात ते समजलं की ही शांतता टोचत नाही.

पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी खाली दोन ओळी असतात, इंग्रजी अक्षरं, आकडे आणि बाणासारख्या खुणांच्या. ते पान यंत्राखाली धरलं की तुमचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक पडद्यावर येतो. मग ते नाव कुठल्या यादीत आहे का, पासपोर्टची मुदत किती उरली आहे, फोटोतला आणि समोरचा माणूस एकच आहे का, जायच्या देशाचा व्हिसा आहे का, हे सगळं बघायचं असतं. समोरचा कॅमेरा तुमचा फोटो घेतो. यातलं बरंचसं पडद्याकडे बघूनच होतं.

त्यामुळे नमस्काराला उत्तर आलं नाही तर तो पुन्हा, जरा मोठ्याने, म्हणू नका. पहिला ऐकू आलेला असतो. आणि मधली शांतता भरून काढायला "खूप गर्दी आहे हो आज" असंही नको. पुण्यात बसच्या रांगेत हे चालतं, इथे त्या माणसाचं वाचन तुटतं.

मग प्रश्न काय विचारतात?

बहुतेक वेळा दोनच. कुठे चाललात, आणि किती दिवसांसाठी. कधी तिसरा, तिथे कोण आहे. कधी काहीच नाही, फक्त शिक्का.

काकूंनी आमच्याकडे बसून पहिल्यांदा उत्तर दिलं ते असं होतं: "दुबईला चालले आहे, म्हणजे माझा मुलगा असतो तिथे, सहा वर्षं झाली, आधी तो बंगलोरला होता, आता सून बाळंत व्हायची आहे तर म्हटलं जाऊन यावं, तिची आई पण येणार होती पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय..."

यात खोटं काहीच नाही. पण विचारलं होतं, "कुठे?" प्रत्येक जादा वाक्यातून पुढचा प्रश्न निघतो. मुलगा काय करतो? तुम्ही तिथे सांभाळायला जाताय का? मग किती दिवस राहणार? ज्याला दोन प्रश्न विचारायचे होते तो सहा विचारतो, आणि काकूंना वाटतं आपल्यावर संशय आला.

कापून कापून शेवटी उरलं ते एवढं:

"कुठे?"
"दुबई. मुलाकडे."
"किती दिवस?"
"एकवीस. परतीचं तिकीट आहे."

दोन्ही उत्तरांत मागितलेलं पहिल्या शब्दात आहे, आणि त्याला जोडून एकच आधार आहे. दुबईला "मुलाकडे" जोडलं की का जाताय हे न विचारता कळतं. एकवीसला तिकीट जोडलं की परत येणार हे कळतं. याहून पुढचं विचारलं तरच सांगायचं.

दिवसांचा आकडा तिकिटाप्रमाणेच सांगा. "महिनाभर तरी" किंवा "बघू, करमेल तोवर" हे मुलाला फोनवर सांगायचं उत्तर. हातात २१ दिवसांचं तिकीट आणि तोंडात महिना असेल तर ऐकणाऱ्याला विचारावंच लागतं.

रात्री पोचणार आहे. "गुड नाईट, सर" म्हणू ना?

नको, नको. हा सगळ्यात जास्त वेळा होणारा घोटाळा आहे, आणि तो सभ्य माणसांकडूनच होतो.

इंग्रजीत "गुड नाईट" भेटल्यावर म्हणत नाहीत, निरोप घेताना म्हणतात. काउंटरवर जाऊन "गुड नाईट" म्हणणं म्हणजे दार उघडल्यावर "बरं, निघतो" म्हणण्यासारखं. रात्री अकरा असोत की साडेबारा, भेटताना "गुड इव्हिनिंग." मध्यरात्री ते विचित्र वाटत असेल तर नुसतं "हॅलो, सर" म्हणा. ते चोवीस तास चालतं.

घड्याळही बघून घ्या. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. समजा विमान पुण्याहून रात्री नऊला सुटलं आणि साडेतीन तास लागले, तर तुमच्या मनगटावर साडेबारा झालेले असतील, तिथे अकरा. सकाळच्या विमानांना हा फरक जास्त जाणवतो. आपल्याकडे दुपारचे साडेबारा म्हणून तुम्ही "गुड आफ्टरनून" म्हणता आणि तिथे अजून अकराच वाजलेले असतात. त्यात आभाळ कोसळत नाही, पण पहिलंच वाक्य चुकलं या जाणिवेने माणूस पुढच्या साध्या प्रश्नाला अडखळतो. विमान उतरल्यावर घड्याळ स्थानिक वेळेला लावा आणि मग बोला.

दुबईत "अस्सलामु अलैकुम" म्हणावं का?

सहज जमत असेल तर म्हणा, कोणी वाईट मानत नाही. जमत नसेल तर रांगेत उभं राहून पाठ करू नका. अडखळत म्हटलेल्या अरबीपेक्षा नीट म्हटलेलं "गुड इव्हिनिंग, सर" बरं.

हात जोडायचे का? हात मिळवायचा?

हात जोडायला हात मोकळे लागतात, आणि तुमच्या हातात पासपोर्ट, बोर्डिंग पास, व्हिसाची प्रिंट असं सगळं असतं. काकूंनी सवयीने हात जोडले तेव्हा सरावातला पासपोर्ट टेबलाखाली गेला होता. मान किंचित झुकवली तरी पुरते. हात पुढे करू नका. मध्ये काच किंवा उंच कट्टा असतो आणि ती भेट हस्तांदोलनाची नसते. कागद मात्र उजव्या हाताने द्या, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

देण्याआधी पासपोर्टचं कव्हर काढा. आणि आतमध्ये पैशाची नोट, लॉटरीचं तिकीट, साईबाबांचा फोटो काही राहिलं नाही ना, बघा. बाबांच्या फोटोला कोणी काही म्हणणार नाही, पण पाचशेची नोट पासपोर्टमध्ये सापडली तर ती तुम्ही विसरलात हे कोण मानेल?

टोपी, गॉगल, मास्क, कानातली बोंडं रांगेतच काढून ठेवा. फोन खिशात. त्या भागात फोटो आणि फोनवर बोलणं चालत नाही, आणि "पोचलो रे, लाईनीत आहे" हा फोन नेमका आपला नंबर आल्यावर येतो.

मान हलवली तर चालेल ना?

पुण्यात चालेल. परदेशात नको.

आपण "हो" म्हणताना मान डावी-उजवीकडे डोलवतो. ज्याने ते कधी पाहिलं नाही त्याला ते "नाही" वाटतं, किंवा "असेल बुवा" असं वाटतं. "परतीचं तिकीट आहे का?" या प्रश्नाला असं उत्तर गेलं तर तो पुन्हा विचारणार. तोंडाने "येस" म्हणा. सवय मोडवत नसेल तर मान हलू दे, पण शब्द आधी जाऊ दे.

इंग्रजी फारसं येत नाही. काय करू?

इंग्रजी कमी असणं हा काही गुन्हा नाही आणि तिथे तो कोणी मानतही नाही. तीन वाक्यं पाठ असू द्या.

"आय स्पीक लिटल इंग्लिश. हिंदी, प्लीज?" दुबईत थोडीफार हिंदी-उर्दू समजणारे बरेच भेटतात.

"प्लीज रिपीट, सर."

"व्हिजिटिंग माय सन. ट्वेंटी-वन डेज."

यातलं मधलं वाक्य सर्वांत मोलाचं आहे. कळलं नाही की आपली माणसं भिडेखातर "येस, येस" म्हणतात. समोरून प्रश्न आलेला असतो, "तुम्ही इथे नोकरीसाठी आलात का?" आणि हातात व्हिसा असतो पर्यटनाचा. अशा एका "येस"ने पाऊण तास जातो. न कळलेल्या प्रश्नाला "येस" म्हणू नका, "नो"ही म्हणू नका. "प्लीज रिपीट." दुसऱ्यांदाही नाही कळलं तर व्हिसाची प्रिंट आणि परतीचं तिकीट पुढे करा. बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्या दोन कागदांवर असतातच.

"कामासाठी आलोय" म्हटल्यावर इतकी चौकशी का झाली?

कारण आपल्या "काम" या शब्दाचं इंग्रजी पोट वेगळं आहे. मराठीत सगळंच काम. भाचीच्या लग्नाचं काम, बँकेतलं काम, "जरा काम होतं" म्हणून शेजारी जाणं. तेच मनातल्या मनात भाषांतर करून तुम्ही "फॉर वर्क" म्हणालात की ऐकणाऱ्याच्या कानी पडतं, हा माणूस इथे पगारावर नोकरी करायला आला आहे. मग तो व्हिसाकडे बघतो, तिथे व्हिजिट लिहिलेलं.

भोसरीतल्या एका कारखानदारांचं असं झालं. दोन दिवसांचं प्रदर्शन बघायला गेले होते, "वर्क" म्हणाले आणि बाजूला बसवले गेले. "एक्झिबिशन. टू डेज," असं म्हणाले असते तर तेवढ्यावर भागलं असतं. मीटिंगला जात असाल तर "मीटिंग" म्हणा आणि कंपनीचं पत्र हाताशी ठेवा. नातेवाइकांकडे जात असाल तर नातं सांगा.

आणि खरोखरच नोकरीसाठी जात असाल तर तसंच सांगा, त्याच व्हिसावर जा. व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथे नोकरी शोधायची आणि काउंटरवर "फिरायला" म्हणायचं, हा सल्ला देणारे एजंट खूप आहेत. त्यांना त्या काउंटरवर उभं राहायचं नसतं.

माझ्या पासपोर्टवर इसीआर आहे. जास्त विचारतील का?

शक्य आहे, आणि त्यात तुमच्याबद्दल काही आकस नसतो. दहावी पास असल्याचा दाखला ज्यांनी पासपोर्ट काढताना दिला नाही, अशांच्या पासपोर्टवर सहसा हा शिक्का येतो. संयुक्त अरब अमिरातीसह ठरावीक १८ देशांत नोकरीला जाताना अशा लोकांना आधी सरकारी मंजुरी लागते, कारण तिथे कामगारांची फसवणूक होऊ नये असा हेतू आहे. नुसतं भेटायला, फिरायला जाताना ती मंजुरी लागत नाही, पण खरंच फिरायलाच चालला आहात ना हे अधिकारी तपासणार.

तेव्हा अभिवादन तेच, उत्तरं तीच, फक्त परतीचं तिकीट, व्हिसा आणि जिथे राहणार तिथला पत्ता पिशवीच्या तळाशी नको, हातात हवा. "मला का एवढं विचारता?" हे वाक्य तोंडावर आलं तरी गिळा.

कुटुंब बरोबर आहे. सगळ्यांच्या वतीने मी बोलू?

सगळे पासपोर्ट एकत्र द्यायला आणि "नमस्कार, सर, आम्ही चौघं" म्हणायला हरकत नाही. पण प्रश्न ज्याला विचारला त्याने उत्तर द्यायचं. साहेब बायकोकडे बघून विचारतात, "किती दिवस?" आणि नवरा उत्तर देतो, हे दृश्य मी फार वेळा ऐकलंय. लहान मुलाला नाव विचारतात तेव्हा ते गोड वाटलं म्हणून विचारत नाहीत, मूल तुमचंच आहे का याचा अंदाज घेत असतात. आईने पटकन "सांग ना, आर्यन सांग ना" केलं की त्या विचारण्याचा अर्थच जातो. पोरगं लाजलं तर लाजू द्या, ते थांबतात.

आत्मविश्वास दाखवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? आवाज मोठा?

नाही. मोठा आवाज घाबरलेल्या माणसाचाही असतो. काउंटरवर आत्मविश्वास दिसतो तो तीन ठिकाणी. बोलावल्यावर रांगेतल्या रेषेपासून लगेच पुढे येण्यात, कागद न शोधता देण्यात, आणि उत्तर संपल्यावर थांबण्यात.

यातली पहिली दोन पिशवीवर अवलंबून आहेत. काकूंच्या पर्सला पाच कप्पे होते आणि पासपोर्ट प्रत्येक वेळी सहाव्यात सापडायचा. शेवटी गळ्यातली छोटी पिशवी घेतली, त्यात फक्त पासपोर्ट, बोर्डिंग पास, व्हिसा, परतीचं तिकीट, आणि एका कागदावर मुलाचं नाव, पत्ता, फोन. औषधं आणि चष्मे दुसरीकडे. तिसरी गोष्ट सरावाने येते. आम्ही तो खिडकीच्या कट्ट्यापाशी उभं राहून केला, कारण बसून बोलणं आणि सामान खांद्याला लावून उभं राहून बोलणं यात फरक पडतो. भाच्याने कट्ट्याच्या पलीकडून साहेबाचं काम केलं. तो मुद्दाम उत्तर न देता दहा-वीस सेकंद नुसता मोबाईल बघत बसायचा. चौथ्या फेरीला काकू त्या शांततेत गप्प राहिल्या.

डोळ्यांचं विचाराल तर, बोलताना समोर बघा, ते वाचत असताना कॅमेऱ्याकडे किंवा कट्ट्याकडे. टक लावून बघायची गरज नाही.

सारखं "सर, सर" म्हणायचं का?

सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा. प्रत्येक उत्तराला "सर" लावलं की विनवणी केल्यासारखं होतं. उलट टोक म्हणजे आपला तो सदाशिव पेठी कोरडेपणा. "लिहिलंय की त्यावर" हे उत्तर पाटीवर शोभतं. व्हिसावर दिवस लिहिलेले असतात हे त्यांनाही दिसत असतं, ते तुमच्या तोंडून ऐकायचं असतं म्हणून विचारतात.

बाजूच्या खोलीत बसायला सांगितलं तर?

"ओके, सर" म्हणायचं आणि बसायचं. पुण्यात असेल तर वरचे ड्युटी ऑफिसर बघतात, परदेशात दुसरा अधिकारी. कारण बऱ्याचदा साधं असतं. नावात फरक, आडनाव लग्नानंतर बदललेलं, सारख्या नावाचा दुसरा कोणी, पासपोर्टचं पान भिजून सुटलेलं. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून सहा महिने तरी हवी, अमिरातीसह अनेक देशांचा तसा नियम आहे. पण हे घरी बघायचं, काउंटरवर त्यावर तोडगा नसतो.

दुसऱ्या अधिकाऱ्यालाही तोच नमस्कार आणि तीच उत्तरं. पहिल्याला एकवीस दिवस सांगून दुसऱ्याला "तीन आठवडे" सांगितलं तरी गणित जुळतं, पण एकवीसच म्हणा. मधल्या वेळात घरी फोन करायचा असेल तर विचारून करा. विमान सुटायची भीती वाटत असेल तर एकदाच, शांतपणे, वेळ सांगा: "सर, बोर्डिंग सव्वाआठला आहे." याच कारणासाठी तीन तास आधी पोचा म्हणतात.

शिक्का बसला. आता?

"थँक यू, सर." आणि निघा. आपल्याकडे "जातो" म्हणायचं नसतं, "येतो" म्हणायचं असतं, त्यामुळे जिभेवर "येते हं" येतंच. काकूंच्या तोंडून पुण्याच्या काउंटरवर ते निसटलंच, सराव करूनही. समोरच्या बाई मराठीच निघाल्या, म्हणाल्या, "या."

पासपोर्ट आणि बोर्डिंग पास दोन्ही हातात आलेत ना, ते तिथेच बघा. पिशवीत भरणं, चष्मा बदलणं, देवाचं नाव घेणं, हे चार पावलं बाजूला होऊन. शिक्क्यावरची तारीखही तिथेच बघून घ्या. चुकीची असेल तर लगेच परत जाऊन "सर, तारीख बघता का?" म्हणता येतं, घरी गेल्यावर ते निस्तरणं कठीण.

लोणच्याचं त्यांना सांगायचं का?

इमिग्रेशनला माणूस बघायचा असतो. लोणचं, तूप, सोनं हे सगळं कस्टमचं खातं, ते सामान घेतल्यानंतर लागतं. तिथे विचारलं तर सांगा. काकूंनी दुबईत चेहऱ्याचा फोटो काढून घेताना न विचारता "ओन्ली पिकल" म्हटलं होतं. तो अधिकारी हसला, शिक्का मारला. तेवढं एक वाक्य त्यांनी सरावात केलं नव्हतं.